त्रेचाळीस दिवसांचा अर्ज

ड्यूटीचा तक्ता लावणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही. अकरा माणसं, तीन पाळ्या, प्रत्येकाची आठवड्याची सुट्टी. त्यात कुणाची सासू आजारी, कुणाच्या पोराची परीक्षा, कुणाला अमक्याबरोबर पाळी नको कारण तो अखंड बडबडतो. हे सगळं सांभाळून ऑपरेशन थिएटरला एकही संच कमी पडू द्यायचा नाही. बावीस वर्षं मी हे केलं आणि 'कात्र्या पोचल्या नाहीत' असा फोन वरून एकदाही आला नाही. मला याचा गर्व होता. होता म्हणते, आहे म्हणत नाही.

आमचा विभाग रुग्णालयाच्या तळघरात आहे. वापरलेली हत्यारं वरून खाली येतात. ती धुवायची, भिंगाखाली तपासायची, यादीप्रमाणे मोजून ट्रेमध्ये मांडायची, दुहेरी कापडात बांधायची आणि वाफेच्या मोठ्या यंत्रात घालायची. पेशंटला आम्ही दिसत नाही आणि डॉक्टरांना आमची आठवण काही चुकलं तरच येते. काम सगळं हातांचं. प्रत्येक चिमटा उघडून मिटून बघायचा, त्याचे दात एकमेकांत बसतात का ते बघायचं, प्रत्येक कात्री कापते का ते बघायचं. एका पाळीत अशी सहाशे-सातशे हत्यारं बोटांखालून जातात.

धाकटी सात वर्षांपूर्वी आली तेव्हा विभागात सगळ्यांत लहान होती, म्हणून तिला धाकटी म्हणायला लागलो. नंतर तिच्याहून लहान दोघं आली तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. पोटाच्या ऑपरेशनचा बेचाळीस हत्यारांचा संच ती नऊ मिनिटांत मांडायची. आमचा यंत्र चालवणारा, ज्याला सगळे भोंगा म्हणतात, तो घड्याळ लावून बसायचा आणि तळघर हादरेल एवढ्या आवाजात ओरडायचा, "साडेआठ! आज साडेआठ!"

अडीच वर्षांपूर्वी तिच्या हातांना संधिवात धरला. म्हातारपणी गुडघे धरतात तो नव्हे, हा वेगळा. यात शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं. ती तेव्हा अठ्ठावीसची होती. या आजाराची खोड अशी की तो वेळ सांगून येत नाही. आदल्या संध्याकाळी ती हसत घरी जायची आणि पहाटे उठायची तर बोटं सुजून गच्च, मूठ वळत नाही, फणी धरता येत नाही, ब्लाउजचे हूक नवऱ्यानं लावायचे. कधी एका दिवसात ओसरायचं, कधी सहा दिवस लागायचे. मग कधी दोन महिने काहीच नाही, कधी तिसऱ्याच आठवड्यात पुन्हा.

ती कंत्राटावर होती, अजूनही आहे. दरवर्षी करार नवा होतो आणि वर्षाला आजारी रजा मिळते सहा दिवस. पहिला झटका आला तेव्हा तिनं रडत फोन केला, "ताई, एका खेपेतच चार संपतील हो माझ्या."

मी म्हटलं, "गप बस. तुझ्या रजेला हात लावायचा नाही. ती खऱ्या आजारपणासाठी राहू दे. मी बसवते."

हे वाक्य माझंच. खऱ्या आजारपणासाठी.

मी बसवलं म्हणजे काय केलं? तेव्हा तक्ता कागदावर असायचा आणि महिना संपल्यावर कार्यालयात जायचा. धाकटी नऊ तारखेला आली नाही की नऊ तारीख तिची सुट्टी म्हणून दाखवायची, ज्याची सुट्टी होती त्याला बोलवायचं आणि बरी झाल्यावर त्याच्या जागी तिनं यायचं. चार दिवसांचा झटका असला की चार माणसांच्या सुट्ट्या हलवायच्या. ती बरी व्हायची आणि पुढचे पंधरा दिवस बिनसुट्टीची राबायची. कुणी तक्रार केली नाही, कारण ती प्रत्येकाचा दिवस फेडायची, वर चहा पाजायची. दोन वर्षं असंच चाललं. कागदावर तिची एकही आजारी रजा नाही. कार्यालयातून एकदा तिला शंभर टक्के हजेरीचं प्रमाणपत्रही आलं, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून हसत ते भिंतीला चिकटवलं. एवढे आम्ही शहाणे.

मग दाराशी अंगठ्याचं यंत्र बसलं. तक्ता आता शनिवारी संगणकात भरायचा आणि बदल करायचा तर आदल्या दिवशी. आजार काही आदल्या दिवशी सांगून येत नाही. माझी कला एका आठवड्यात मोडीत निघाली. पहिल्या दोन महिन्यांत धाकटीला दोन झटके आले आणि दोन्ही वेळा तिच्या नावापुढं लाल अक्षरांत 'विनापरवानगी गैरहजर' असं आलं. दुसऱ्या वेळी सोबत पत्र होतं: असं तिसऱ्यांदा झालं तर कराराचं नूतनीकरण होणार नाही. नूतनीकरणाला पाच आठवडे उरले होते.

तिच्या घरी नवऱ्याचं दुकानातलं काम आणि शाळेत जाणारी मुलगी. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिची औषधं. ती रुग्णालयाच्या योजनेतून, नोकरी आहे म्हणून मिळत होती. नोकरी गेली की औषधं गेली, औषधं गेली की हात गेले. हे आम्हा दोघींनाही न बोलता कळत होतं.

आस्थापना विभागात एक तरुण साहेब आहे. चष्मा, नीट भांग, समोर पाण्याची बाटली. मी त्याच्याकडं भांडायच्या तयारीनं गेले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, अशा आजारासाठी सोय आहे. कायमस्वरूपी अर्ज करून ठेवायचा. मंजूर झाला की झटका आला त्या दिवशी फक्त फोन करायचा, दर वेळी नवी परवानगी नको. अर्जाला डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. अर्ज त्या बाईंनाच करू दे."

मी खाली आले ती हवेतच. एवढं सोपं होतं तर!

दुपारची पाळी संपल्यावर आम्ही दोघी कापडांच्या घड्या घालायच्या मोठ्या टेबलाशी बसलो. तिनं घरून कच्चा मसुदा आणला होता. वाचला आणि माझं डोकंच फिरलं. 'माझ्यामुळे विभागाला होणाऱ्या त्रासाबद्दल मी अत्यंत दिलगीर असून, आपण कृपावंत होऊन…'

"हे काय लिहिलंयस? भीक मागतेयस की रजा?"

"मोठी माणसं आहेत ताई, जरा नमून लिहिलेलं बरं."

"नमून नमून पाठ मोडेल. काढ ते कृपावंत. दिलगीर पण काढ. तू काय चोरी केलीयस?"

आम्ही नव्यानं लिहिलं. 'मला संधिवाताचा दीर्घकालीन आजार असून त्याचे झटके अचानक येतात. तेव्हा गरज पडेल त्याप्रमाणे रजा मिळावी, ही विनंती.' तीनच ओळी. मला फार ठसठशीत वाटल्या. तिनं सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडून प्रमाणपत्र आणलं, पाकीट बंद होतं, ते तसंच जोडलं. कशाला उघडायचं, डॉक्टरांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, असं आम्हाला वाटलं.

चार दिवसांनी अर्ज परत आला. नामंजूर. साहेबानं आम्हाला बोलावलं आणि कागद आमच्यासमोर फिरवून ठेवला.

"'गरज पडेल त्याप्रमाणे' म्हणजे किती? महिन्यातून एकदा की दहादा? एक दिवस की पंधरा? मला तुमच्या जागी माणूस द्यायचा तर अंदाज नको? बरं, प्रमाणपत्रात अंदाज असेल म्हणून बघितलं." त्यानं चष्मा वर सरकवला आणि वाचलं, "'आजार सध्या आटोक्यात आहे. अधूनमधून एखाद्या दिवसाची विश्रांती लागू शकते.' एखादा दिवस, मॅडम. त्यासाठी सहा दिवसांची आजारी रजा आहेच की. ती वापरलीय का, तर दोन वर्षांत शून्य." त्यानं संगणकाचा पडदा आमच्याकडं वळवला. धाकटीच्या नावापुढं दोन वर्षं हिरवीगार होती आणि शेवटी दोन लाल डाग. "आता मीच विचारतो. दोन वर्षं एकही दिवस आजारी नसलेली बाई यंत्र बसल्यावर दोनदा न सांगता गायब होते. वरचे लोक याचा काय अर्थ लावतील?"

धाकटीनं माझ्याकडं पाहिलं. मी पडद्याकडं पाहिलं. तो हिरवा रंग माझा होता. एकेक चौकोन मी माझ्या हातानं भरलेला. म्हणायला हवं होतं ते एवढंच: साहेब, हे सगळं खोटं आहे आणि ते मी लिहिलंय.

"पुन्हा अर्ज करता येईल," साहेब म्हणाला. "पण झटके खरंच येतात, कधी आले, किती दिवस राहिले, असं काहीतरी दाखवा. आणि डॉक्टरांना नीट लिहायला सांगा."

जिन्यात धाकटी थांबली. तिचा हात कठड्यावर होता, मनगट जरा सुजलेलं. "जाऊ दे ताई," ती म्हणाली. "तुमचं नाव यायला नको. मी बघते दुसरीकडं कुठं."

"दुसरीकडं कुठं? तुझे हे हात घेऊन?" मी खेकसले. तिच्यावर नाही, पण ऐकलं तिनंच.

रविवारी दुपारी मी कपाटातून माझी वही काढली. तक्ता मी बदलत असले तरी कोण कोणाच्या जागी आलं हे मला कुठंतरी लिहून ठेवावंच लागायचं, नाहीतर भोंग्यासारखा माणूस 'माझी सुट्टी राहिली' म्हणून विभाग डोक्यावर घेईल. त्या वहीत खऱ्या तारखा होत्या. मी फक्त धाकटीच्या वेगळ्या काढल्या. यंत्र बसेपर्यंतच्या दोन वर्षांत चौदा झटके, त्रेचाळीस दिवस. सर्वांत छोटा एका दिवसाचा, सर्वांत मोठा सहा. मधलं अंतर कधी तीन आठवडे, कधी चार महिने. मला वाटलं होतं वीस-पंचवीस दिवस असतील. त्रेचाळीस आकडा बघून मी दोनदा मोजलं.

आमचे हे समोर पेपर वाचत बसले होते. सगळं ऐकून त्यांनी पेपर खाली ठेवला. "ही वही दाखवलीस तर तक्ते खोटे लावले हे तूच सांगितल्यासारखं होईल."

"होईल."

"दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला."

"मला मोजता येतं."

"तुला सगळंच येतं," ते म्हणाले आणि पेपर परत उचलला. पेपरामागून थोड्या वेळानं आवाज आला, "दाखव मग. नाहीतर रोज माझ्यावरच ओरडशील."

माणूस बरा आहे.

आधी प्रमाणपत्र नीट करून घ्यायचं ठरलं. बुधवारी मी धाकटीबरोबर डॉक्टरीणबाईंकडं गेले, वही पिशवीत घेऊन. मी स्वतःवर खूश होते हे कबूल करते. उशिरा का होईना, मी एक चांगलं काम करायला निघाले होते, स्वतःचं नुकसान सोसून. असं वाटत असलं की माणूस ताठ चालतो. मीही ताठ चालत होते.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी वहीवरून बोट फिरवलं. एकदा वरून खाली, मग पुन्हा वरून.

"हे काय आहे?"

"हिच्या झटक्यांच्या तारखा, डॉक्टर. चौदा वेळा. त्रेचाळीस दिवस."

त्यांनी धाकटीची फाईल उघडली. दर तीन महिन्यांच्या भेटीचं एकेक पान. "मी तुला दर वेळी विचारते, कामाचे किती दिवस बुडले. तू काय सांगतेस?"

धाकटी मांडीवरच्या हातांकडं बघत होती. "एकही नाही."

"आठ भेटी. आठही वेळा 'एकही नाही'. 'थोडंफार दुखतं, चालतंय.' तू यायचीस तेव्हा हात शांत असायचे, रक्त ठीकठाक असायचं. मी समजले औषध लागू पडतंय."

"बुडले नव्हतेच डॉक्टर," धाकटी म्हणाली. "भरून द्यायचे मी सगळे."

मी मधे पडले. ते माझं कामच आहे, मधे पडणं. सगळं सांगितलं: सुट्ट्या कशा हलवल्या, ती कशी फेडायची, रजेला कसा हात लागू दिला नाही. सांगता सांगता माझाच आवाज बारीक होत गेला, कारण डॉक्टरीणबाई लिहायच्या थांबल्या होत्या.

त्यांनी हातांचा नवा एक्स-रे काढायला पाठवलं. तासाभरानं तो आणि आजार सुरू झाला तेव्हाचा असे शेजारी शेजारी उजेडावर लावले. मला हाडांतलं काही कळत नाही, पण त्यांनी पेनाच्या टोकानं उजव्या मनगटावर दाखवलं तिथं कडा कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. जुन्या चित्रात त्या गुळगुळीत होत्या.

"हे झालेलं परत भरून येत नाही," त्या म्हणाल्या. "पुढं होणारं थांबवता येईल बहुतेक. औषध बदलू."

मी विचारलं. विचारायला नको होतं, पण मला राहवलं नाही. "हे आधी कळलं असतं तर?"

त्यांनी मला झिडकारलं नाही. झिडकारलं असतं तर बरं झालं असतं. "दोन महिन्यांत एकदा झटका येतोय हे पहिल्याच वर्षी दिसलं असतं, तर मी औषध तेव्हाच वाढवलं असतं. मग इतकं झालं नसतं असं खात्रीनं सांगता येत नाही. कमी झालं असतं, असं मला वाटतं. आणि प्रत्येक झटक्यानंतर सलग पंधरा दिवस चिमटे दाबत बसणं हे तर मी कुठल्याच पेशंटला करू दिलं नसतं."

धाकटी एक्स-रेकडं बघत होती, आपला हात पहिल्यांदाच बघितल्यासारखी. मला वाटलं ती माझ्याकडं बघेल. ती बघत नव्हती.

नवा अर्ज आम्ही तिथंच, बाहेरच्या बाकावर लिहिला. लिहिला म्हणजे तिनं सांगितला आणि मी लिहिला, कारण तिला त्या दिवशी पेन धरवत नव्हतं. तिनं एकदाही 'ताई, कसं लिहू' असं विचारलं नाही. मीही एकही शब्द तिच्या तोंडात घातला नाही.

'मला हातांच्या सांध्यांचा दीर्घकालीन आजार आहे. त्याचा झटका कधी येईल हे मला किंवा माझ्या डॉक्टरांना आधी सांगता येत नाही. सोबत जोडलेल्या नोंदींनुसार दोन वर्षांत चौदा झटके आले. सरासरी सात-आठ आठवड्यांनी एक. पण दोन झटक्यांमधलं अंतर तीन आठवड्यांइतकं कमी किंवा चार महिन्यांइतकं जास्त असू शकतं. एक झटका एक ते सहा दिवस राहतो. या काळात मला हत्यारं तपासणं, मांडणं आणि बांधणं ही कामं करता येत नाहीत.

झटका आल्यास मी पाळी सुरू होण्याच्या किमान एक तास आधी विभागात फोन करीन. मला शक्य नसेल तर घरची व्यक्ती करील. रजा लांबली तर दर दुसऱ्या दिवशी कळवीन. सकाळी हात धरलेले असले आणि दुपारी मोकळे झाले तर अर्ध्या दिवसाची रजा धरून कामावर येण्याची मुभा असावी. सहा दिवसांपर्यंतच्या रजेला दर वेळी नवीन प्रमाणपत्र मागू नये. त्यापुढं गेल्यास मी ते देईन. रजा आधी आजारी रजेतून आणि ती संपल्यावर बिनपगारी धरावी. सहा महिन्यांनी डॉक्टरांच्या नव्या प्रमाणपत्रासह या व्यवस्थेचा फेरविचार व्हावा.'

इथं ती थांबली. मग म्हणाली, "आणखी एक लिहा. 'रजेचे दिवस सुट्टीच्या दिवशी काम करून भरून देण्यास मला सांगू नये, आणि मी स्वतः तसं सुचवलं तरी ते मान्य करू नये.'"

मी लिहिलं.

डॉक्टरीणबाईंनी प्रमाणपत्रात तेच आकडे, तीच मुदत लिहिली आणि औषध बदलल्यानं पुढचे तीन महिने झटके जास्तही येऊ शकतात, हेही स्पष्ट केलं. मी त्याला माझ्या वहीची प्रत आणि वेगळ्या कागदावर माझा खुलासा जोडला. 'वरील काळातले तक्ते मी वस्तुस्थितीप्रमाणे भरले नाहीत. कर्मचाऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्या निर्णयानं.' सही, तारीख.

साहेबानं सगळं वाचलं. वहीची पानं उलटताना त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थकवा होता. "तुम्हाला वाटतं तुम्ही मदत करत होता," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "वाटत होतं."

"यातली निम्मी माहिती जरी इथं आली असती, तर तुमच्या विभागाला जादा माणूस मागता आला असता. कागदावर तुम्हाला कधी माणूस कमी पडलाच नाही." हे मला सुचलं नव्हतं. बावीस वर्षांत एकदाही नाही.

अर्ज मंजूर झाला. जसा लिहिला तसा, सहा महिन्यांसाठी. दोन्ही लाल नोंदी आजारी रजेत बदलल्या आणि तिचा करार नवा झाला. मला लेखी ताकीद आली आणि तक्ता माझ्याकडून काढून भोंग्याकडं दिला. तो बिचारा संगणकासमोर बसून घाम पुसतो आणि दर शनिवारी मला विचारायला येतो. मी सांगत नाही. खरंतर मला सांगता येतं, पण माझ्या त्या बसवण्यानं काय झालं ते मी पाहिलंय.

धाकटी कामावर येते. बोलते, कामापुरतं. पोटाच्या संचाला आता तिला वीस मिनिटं लागतात आणि कुणी घड्याळ लावत नाही. भिंतीवरचं हजेरीचं प्रमाणपत्र एक दिवस दिसेनासं झालं. कुणी काढलं ते मी विचारलं नाही.

मंजुरीनंतरचा पहिला झटका गेल्या मंगळवारी आला. सकाळची पाळी सातची. सहाला पाच मिनिटं कमी असताना विभागातला फोन वाजला. मी लवकर येते, जवळ मीच होते.

"मी आज येऊ शकत नाही," धाकटी म्हणाली. "हात धरलेत. परवा परत कळवीन."

"बरं. लिहिते." माझी जीभ सवयीनं पुढं निघाली होती, 'काळजी करू नकोस, मी बसवते' म्हणायला. मी ती आवळली. "काही लागलं तर सांग," एवढंच म्हटलं.

ती लगेच फोन ठेवेल असं वाटलं होतं. ठेवला नाही. मागं तिच्या मुलीचा आवाज येत होता, डबा कुठंय म्हणून.

"ताई," ती म्हणाली. त्या बुधवारनंतर पहिल्यांदा तिनं मला ताई म्हटलं. "मीही डॉक्टरांना खोटंच सांगितलं. मला चांगलं वाटायचं, एकही नाही म्हणताना. तुमची एकटीची चूक नाही ती."

"नाही कशी…"

"ऐका ना. पण दोन वर्षांत एकदा तरी माझी आजारी रजा लावायला हवी होती हो तुम्ही." आवाजात राग नव्हता. "एकदा तरी."

मी रजिस्टर पुढं ओढलं. ती म्हणाली, "ठेवते. हात दुखतोय," आणि फोन बंद झाला.

मी रजिस्टरात तिच्या नावापुढं 'आजारी रजा' लिहिलं. त्या पाळीला माणूस कमी होता आणि कुणालाही सुट्टीवरून बोलवायचं नव्हतं. आठ वाजता वरून थिएटरचा फोन आला, पोटाचा संच अजून पोचला नाही म्हणून. मी सांगितलं, "आज आमच्याकडं एक माणूस आजारी आहे. अर्धा तास उशीर होईल."